सरकारचे पंधराशे

बनुबाईचं बिल हन्नाच लिहायची. खरं तर ज्याने काम केलं त्याने बिल द्यायचं आणि कारखान्याच्या अकाउंटंटने ते तपासायचं, अशी जगाची रीत आहे. पण नागापूरच्या त्या ओतकामाच्या कारखान्यात रीत वेगळीच होती. बनुबाईला सहीपुरतं लिहिता यायचं, आणि बिलबुक हन्नाच्या टेबलाच्या खालच्या खणात असायचं. महिनाअखेरीला बनुबाई कानशीची धूळ झटकत ऑफिसात यायची, चप्पल दाराबाहेर काढायची आणि खुर्चीच्या अगदी कडेवर बसायची. हन्ना लिहायची आणि मोठ्याने वाचून दाखवायची.

"कास्टिंगची बर काढण्याची मजुरी, महिन्याचे ठोक दीड लाख. त्यातले एक टक्का सरकारचे, पंधराशे. तुमच्या हातात येणार एक लाख अठ्ठेचाळीस हजार पाचशे."

"सरकारचे पंधराशे," बनुबाई मान डोलवून म्हणायची. तिला त्या पंधराशेचा कोण अभिमान. बाकीचे सगळे कंत्राटदार टीडीएस म्हटलं की कपाळाला आठ्या घालायचे, ही बाई गेटवर वॉचमनला सांगायची, "आमी सरकारला भरतो म्हटलं. फुकट न्हाई राहत या देशात."

अभिमान वाटावा असंच होतं ते. आधीची पंधरा वर्षं बनुबाई आदिनाथ ठेकेदाराच्या हाताखाली हीच कानस चालवत होती. भट्टीतून कास्टिंग निघालं की त्याच्या कडांना लोखंडाची बारीक झालर राहते, ती बर. ती घासून काढायची. हात सोलवटतात, नाकात काळं जातं, आणि मलई खातो ठेकेदार. हन्नानेच एकदा हिशेब करून बनुबाईला दाखवलं होतं की आदिनाथ दर बाईमागे किती खातो. हन्नानेच शेठकडे शब्द टाकला. आणि एप्रिलपासून, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, जेऊरच्या बारा बायका घेऊन बनुबाई स्वतः ठेकेदार झाली. बायकांना प्रत्येकी साडेअकरा हजार, म्हणजे एक लाख अडतीस हजार वाटून तिच्याकडे साडेदहा हजार उरायचे. त्यासाठी ती स्वतः तेरावी कानस चालवायची.

हन्नाला आयुष्यात स्वतःच्या हाताने केलेली अशी फारशी चांगली कामं आठवत नव्हती. रविवारी चर्चमध्ये प्रार्थनेला डोळे मिटले की कधीकधी बनुबाईची ती खुर्चीच्या कडेवरची बैठक तिच्या डोळ्यांपुढे यायची आणि तिला बरं वाटायचं.

सहा ऑक्टोबरला, सोमवारी सकाळी, सीएच्या ऑफिसातून निकिताचा फोन आला.

"हन्ना मॅडम, पहिल्या तिमाहीच्या टीडीएस रिटर्नवर नोटीस आलीये. एका पार्टीचं पॅन बंद आहे. निष्क्रिय. तुम्ही एक टक्का कापलाय, वीस कापायला हवा होता."

"कोणाची पार्टी?"

निकिताने नाव वाचलं. हन्ना हसलीच. "अगं, ते असणं शक्य नाही. त्यांचं पॅन-आधार लिंक मी माझ्या हाताने केलंय. पावती आहे माझ्याकडे."

"पावती बघा मॅडम. कसली आहे ती."

हन्नाने खालचा खण उघडला. बनुबाईची निळी फाईल. आधारची झेरॉक्स, पॅनची झेरॉक्स, बँकेचं पासबुक आणि एक पावती. जून दोन हजार तेवीस. उशिराच्या लिंकसाठी शुल्क, एक हजार रुपये, भरणा यशस्वी.

आणि मग तिला तो दिवस आठवला. त्या जूनमध्ये मुदत संपत आली म्हणून अर्धा कारखाना तिच्या टेबलापुढे रांग लावून उभा होता. वेबसाइट मुंगीच्या पावलाने चालत होती. बनुबाई सगळ्यांत शेवटी आली, पदरात बांधलेले हजार रुपये सोडून दिले. हन्नाने शुल्क भरलं. पडद्यावर आलं की भरणा नोंदवायला चार-पाच दिवस लागतील, त्यानंतर परत येऊन लिंकची विनंती पाठवा. हन्ना म्हणाली होती, "झालं बनुबाई, निर्धास्त राहा." पावतीच्या दोन प्रती काढल्या होत्या, एक बनुबाईला दिली, एक फाईलला लावली. बाकीच्या सगळ्यांचं तिने पाचव्या दिवशी आठवणीने केलं, कारण ते रोज येऊन विचारत होते. बनुबाईने विचारलं नाही. हन्ना मॅडम झालं म्हणाल्या म्हणजे झालं, इतका तिचा विश्वास. आणि हन्ना विसरली.

तिकीट काढून गाडीत न बसणाऱ्या माणसाला काय म्हणावं? हन्नाने बनुबाईचं नेमकं तेच केलं होतं. एप्रिलमध्ये संगणकात बनुबाईचं नाव चढवताना पॅन चालू आहे का हे बघायचं एक बटण होतं. ते तिने दाबलं नाही. आपणच लिंक केलेलं, त्यात काय बघायचं? परक्या माणसाचं तिने डोळ्यांत तेल घालून तपासलं असतं.

फोनवर निकिता समजावत होती. पोरगी हुशार होती, एकेक गोष्ट सुटी करून सांगत होती. एप्रिल ते जुलैच्या बिलांना सरकारने सवलत दिली होती, तीस सप्टेंबरपर्यंत पॅन चालू झालं असतं तर एक टक्काच चालला असता. ती मुदत सहा दिवसांपूर्वी गेली. ऑगस्टचं बिल अजून वाचू शकतं, ऑक्टोबरअखेर पॅन चालू झालं तर. सप्टेंबरच्या बिलाला नोव्हेंबरअखेरपर्यंत वेळ आहे.

"पैसे बुडत नाहीत मॅडम. रिटर्न सुधारून भरलं की त्यांच्या नावावर जमा दिसतील. त्यांनी पुढच्या वर्षी आयकर रिटर्न भरलं की परत मिळतील."

पुढच्या वर्षी. हन्नाने फोन ठेवला आणि त्याच क्षणी लिंकची विनंती पाठवली. शुल्क तर भरलेलंच होतं. दोन मिनिटं लागली. दोन वर्षं राहिलेलं काम दोन मिनिटांत झालं, आणि पडद्यावर आलं की पॅन चालू व्हायला तीस दिवसांपर्यंत लागू शकतात.

सुनीलशेठ वाईट माणूस नव्हता. शेठ होता, इतकंच. त्याने नोटीस वाचली, चष्मा कपाळावर ढकलला आणि विचारलं, "लिंक का नव्हतं बाईचं?"

आता इथे हन्नाला एक वाक्य बोलायचं होतं. माझ्याकडून राहिलं, एवढंच. ते वाक्य तिच्या जिभेवर आलं होतं, हे ती नंतर स्वतःलाच शपथेवर सांगत राहिली. पण तिला अठरा हजार पगार होता. मुलगा जस्टिन डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होता. मागच्या वर्षी स्टोअरच्या कारकुनाने एक चूक केली तेव्हा शेठने त्याला दिवाळीच्या आधी घरी बसवलं होतं, तेही तिच्या डोळ्यांपुढे आलं.

"त्यांचं राहून गेलं," ती म्हणाली.

"मग त्यांचंच कापा."

तीन शब्द तिचे, तीन त्याचे. संपलं.

"शेठ, सप्टेंबरच्या बिलाला अजून वेळ आहे. पॅन चालू होईल आता. एक टक्काच कापू या."

"आणि नाही झालं तर? परत नोटीस मला. वीस कापा. मागचाही फरक याच बिलातून घ्या, एकदमच. बाई उद्या आली नाही तर मी जेऊरला शोधत जाऊ का? व्याज आपण सोसू, ते तिच्या डोक्यावर नको." स्वतःच्या या उदारपणावर शेठ थोडा सुखावला आणि दुसऱ्या कागदाकडे वळला.

हन्ना टेबलाशी आली आणि तिने हिशेब मांडला. बिल दीड लाख. वीस टक्के, तीस हजार. राहिले एक लाख वीस हजार. एप्रिल ते जुलै चार बिलं, सहा लाख. एकोणीस टक्क्यांचा फरक, एक लाख चौदा हजार. देय रक्कम, सहा हजार.

तिने परत मांडला. आकडे काही माणसं नसतात की विनवलं तर ऐकतील. सहा हजारच आले. सात तारखेला टीडीएसचं चलन भरायचं असतं, ते तिने भरलं. ते पैसे सरकारात गेले आणि तिथून हाक मारून परत येणारे नव्हते.

सातला दुपारी तिने बनुबाईला ऑफिसात बोलावलं आणि सांगितलं. नियम बदललेत, पॅन बंद दाखवतंय, वीस टक्के कापावे लागतात, मागचेही. बोलताना ती बनुबाईच्या हातांकडे बघत होती. बोटांच्या टोकांना पट्ट्या चिकटवलेल्या होत्या.

"पन लिंक तर केलं हुतं ना आपन?"

"केलं होतं," हन्ना म्हणाली. "सरकारकडे काहीतरी अडकलंय."

बनुबाईने बोटावरची सुटू आलेली पट्टी दाबून बसवली. मग म्हणाली, "बायकांची दिवाळी हाय हो म्याडम." आणि उठून कामावर गेली. अजून तीन तास पाळी बाकी होती.

दहा तारखेला, पगाराच्या दिवशी, बनुबाई आली तेव्हा मागे ज्योती होती आणि दाराबाहेर आणखी चार-पाच जणी. ज्योती टोळीतली सगळ्यांत तरुण, फटकळ तोंडाची. हन्नाने बिल पुढे ठेवलं. सही करा असं तिला म्हणायचं होतं, पण बनुबाई खुर्चीच्या कडेवर बसून वाट बघत होती.

"वाचा ना म्याडम."

हन्नाने वाचलं. दीड लाख. सरकारचे तीस हजार. मागचा फरक एक लाख चौदा हजार. हातात येणार सहा हजार.

"सहा?" ज्योती दारातूनच म्हणाली. "बारा जनींचे सहा हजार? मावशे, ही बाई काय वाचती? आदिनाथ लुटत हुता, पर असं नव्हता लुटत. हिनंच काईतरी खाल्लं आसंल."

"गप," बनुबाई म्हणाली. आवाज चढला नाही तिचा. "सरकारचा नियम हाय त्यो. म्याडमचा काय दोष न्हाई. तुमचे पैशे मी दिन. धनत्रयोदशीच्या आत दिन, न्हाई दिले तर माझ्या दारात येऊन बसा."

तिने सही केली. अक्षरं एकेक करून, जिभेचं टोक दातात धरून, जशी दर महिन्याला करायची तशीच. हन्नाला वाटलं, आत्ता. आत्ता या सगळ्याजणींसमोर सांगून टाकावं. ती उठलीसुद्धा. आणि मग पाण्याच्या जारकडे गेली आणि पाणी प्यायली. माणूस किती भित्रं असतं ते त्याला बापजन्मात कळत नाही, कळतं ते अशा वेळी.

चौदा तारखेला पॅन चालू झालं. हन्ना रोज सकाळी आल्या आल्या आधी तेच बघायची, आणि त्या दिवशी तिथे हिरव्या अक्षरांत सक्रिय असं आलं. म्हणजे ऑगस्टचं बिल वाचलं. सप्टेंबरचंही वाचलं असतं, शेठने धीर धरला असता तर. ती शेठकडे गेली. शेठ म्हणाला, "सातला चलन भरलं ना? मग आता ते बाईचं आणि सरकारचं. पुढच्या बिलाला एक टक्का कापा." आणि पुढच्या बिलाला एकच टक्का कापायला तिची काही हरकत नव्हती, फक्त त्यासाठी पुढचं बिल यायला हवं होतं.

कारण बनुबाई कामावर येत नव्हती. बारातल्या सातजणी येत नव्हत्या. हन्नाने फोन केला तर लागत नव्हता. धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी बनुबाई आली. लुगडं धुतलेलं, हातात पिशवी. या वेळी ती बसली नाही.

"बनुबाई, बातमी चांगली आहे," हन्ना घाईघाईने म्हणाली. "पॅन चालू झालं. आता पंधराशेच. आणि ते कापलेले सगळे परत मिळतील, पुढच्या वर्षी मी तुमचं रिटर्न भरून देते, एक रुपया घेणार नाही—"

"घोडेगावच्या बाजाराला गेल्ते," बनुबाई म्हणाली. "दोन्ही म्हशी दिल्या. एक लाख अठ्ठावीस. दिवाळीच्या तोंडावर कोन भाव देतंय? गिऱ्हाईक बी वळखतं, बाई अडलीय म्हनून. त्यात तुमचे सहा घातले, चार माझ्याकडचे. बायकांचे समद्यांचे दिले."

हन्नाला माहीत होत्या त्या म्हशी. आदिनाथकडे पंधरा वर्षं कानस मारून बनुबाईने एक घेतली होती, आणि दुसरी तिच्याच पोटची, गोठ्यात जन्मलेली. तिला बनुबाई लेकीसारखी हाक मारायची. घरात दुसरं माणूस नव्हतं.

"माझी फाईल द्या," बनुबाई म्हणाली.

"फाईल? कशाला? इथे नीट आहे ती."

"द्या."

हन्नाने खण उघडला. निळी फाईल टेबलावर ठेवली. बनुबाईने ती उघडून एकेक कागद बघितला. वाचता येत नव्हतं, पण कुठला कागद कुठला ते तिला दिसण्यावरून ठाऊक होतं. पावतीपाशी तिचं बोट थांबलं.

"ह्याची दुसरी माझ्याकडं हाय. तुमी दिल्याली. तुमी सांगितलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, आठ तारखेला, जेऊरच्या सेवा केंद्रात नेली. पोरगं म्हनलं, मावशी, हे नुस्ते पैशे भरल्याले हायेत. लिंक कोनी टाकलंच न्हाई. परवा टाकलंय, सहा तारखेला."

हन्नाने मनातल्या मनात तारखा जुळवल्या. आठ तारखेला. म्हणजे दहा तारखेला, ज्योती दारातून बोलत होती तेव्हा, ही बाई सगळं माहीत असून खुर्चीच्या कडेवर बसली होती.

"मग त्या दिवशी तुम्ही का नाही..."

"बोलून काय सहाचे साठ झाले आसते? त्या पोरींनी तुमचं टेबल मोडलं आसतं. तुमची नोकरी गेली आसती. माझी एक गेली, तेवढं बास." बनुबाईने फाईल पिशवीत घातली. "मी वाट बघत हुते म्याडम. तुमी उठलात ना त्या दिवशी, मला वाटलं आता सांगतात. तुमी पानी प्यायलात."

"मी चुकले, बनुबाई." अखेर आलं ते वाक्य. अकरा दिवस उशिरा. "शेठना आत्ता सांगते. माझ्या पगारातून महिन्याला जितकं होईल तितकं—"

"चुकलात ते चुकलात. मानूस चुकतंय." बनुबाई दाराशी चप्पल घालत म्हणाली. "पर मी इचारलं तवा सरकारचं नाव सांगितलंत. त्येचं काय करू मी?"

ती गेली. हन्ना खरंच शेठकडे गेली, आणि खरंच सगळं सांगितलं. शेठने ऐकून घेतलं. म्हणाला, "झालं ते झालं मॅडम. बाईने काही तक्रार केली आहे का? नाही ना? मग कशाला उकरता?" नोकरी गेली नाही. पगारही कापला नाही. चूक इतकी स्वस्त पडेल असं तिला वाटलं नव्हतं, आणि त्या रात्री घरी जस्टिनला जेवायला वाढताना ती अशी रडली की पोराने ताट बाजूला सारलं.

तिने जेऊरला पैसे पाठवून बघितले. पाच हजार, बनुबाईच्या खात्यावर. तिसऱ्या दिवशी ते परत तिच्या खात्यावर आले. सेवा केंद्रातल्या पोराकडून करवलं असणार.

नोव्हेंबरपासून काम परत आदिनाथकडे गेलं. महिनाअखेरीला त्याने छापील बिल आणून टाकलं. मजुरी एक लाख पासष्ट हजार, त्यावर जीएसटी एकोणतीस हजार सातशे. काम तेच, दर वाढलेला. बायकांची हजेरी बिलाला जोडली होती. हन्नाने नावं वरपासून खाली वाचली. तेरावं नाव बनुबाईचं होतं. रोज तीनशे ऐंशी.

हन्नाने आदिनाथचं पॅन तपासलं. चालू होतं. परत एकदा तपासलं. जीएसटी बिलात वेगळा दाखवला होता, म्हणून टीडीएस फक्त मजुरीवर. एक टक्का, सोळाशे पन्नास. देय रक्कम एक लाख त्र्याण्णव हजार पन्नास.

"सरकारचे सोळाशे पन्नास," ती मोठ्याने म्हणाली. "तुमच्या हातात येणार—"

आदिनाथने कानाचा मोबाईल थोडा बाजूला केला. "वाचता काय मॅडम? टाका की बँकेत." आणि तो बोलत बोलत बाहेर गेला. खिडकीतून शेडमधल्या कानशींचा आवाज येत होता. तेराही चालू होत्या, आणि त्यातली बनुबाईची कुठली, ते हन्नाला ओळखता येत नव्हतं.